धाकटीची आणि माझी गोळी

माझं वजन चार किलो उतरलं तोवर माझ्या जावेचं सहा किलो उतरलं होतं. हे मला वजनकाट्याने सांगितलं नाही, तिच्या ब्लाउजने सांगितलं. दोन्ही कडांनी शिवण आत घेतलेली मला लगेच दिसते, कारण आमचं पोटच शिवणावर आहे. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात आम्ही दोघी शेजारशेजारच्या मशीनवर बसतो. मी थोरली, कॉलर लावते. ती धाकटी, बाह्या लावते.

दोघींनाही साखर, दोघींची डॉक्टरीण एकच. नवी गोळी आधी धाकटीला मिळाली, सहा महिन्यांनी मला. शरीरातली जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी ती गोळी, तिने वजनही थोडं उतरतं. धाकटी बारीक होत चालली तशी मी आतून जळत होते. साधीसुधी नाही, इस्त्री विसरल्यावर कापड जळतं तशी. सासूबाई म्हणायच्या, "धाकटी बघ कशी तरतरीत दिसते." मी कणीक जोरात तिंबायची.

मग माझे चार किलो उतरले आणि मी लेगिंग आणली. नायलॉनची, काळी, अंगाला चिकटलेली. धाकटीने बघावी म्हणून मुद्दाम रोज तीच घालायची. रेक्झिनच्या गादीवर आठ-आठ तास त्याच घट्ट कापडात बसायची.

महिन्याभरात खाज सुटली. कुठे ते सांगायला मी लाजणार नाही, लाजून आधीच पुष्कळ भोगलंय. खाली, योनीला. लाली, जळजळ, दह्यासारखं पांढरं जायला लागलं. लघवीला बसलं की झोंबायचं. मी औषधाच्या दुकानातून मलम आणलं, तीन दिवस लावलं, खाज थांबली, ट्यूब ठेवून दिली. दोन महिन्यांनी पुन्हा. पुन्हा तेच मलम, पुन्हा तीन दिवस. वर सुगंधी वॉशची बाटली आणली, गुलाबाच्या वासाची. त्याने आणखीच आग व्हायची. लघवीला सारखं जावं लागू नये म्हणून पाणी पिणंही कमी केलं.

पाचव्या महिन्यात तिसऱ्यांदा. धाकटी शेजारच्या मशीनवरून म्हणाली, "ताई, खुर्चीला खिळा आहे का? किती चुळबुळ करता."

"तुला काय करायचंय? तू तुझ्या बाह्या बघ."

शेवटी डॉक्टरणीकडे गेले. तिने तपासलं, कापसाच्या काडीवर नमुना घेतला. मी म्हटलं, "मला काही वाईट रोग तर नाही ना? घरी मालक म्हणतील, कुठून आणलास."

"बुरशी आहे, ती तुमच्याच अंगावर असते," ती म्हणाली. "गोळी लघवीतून साखर सोडते. साखरेचे थेंब तिथे राहिले की बुरशीची चंगळ होते. मालकांनाही लाली, खाज असेल तर त्यांना घेऊन या, म्हणजे दोघांचा उपचार करू. तिसरी वेळ म्हणता? मग आधी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली," मी म्हटलं. खरं उत्तर होतं: सांगितलं असतं तर गोळी बंद केली असती, आणि धाकटीची चालू राहिली असती.

तिने योनीत ठेवायच्या गोळ्या दिल्या. खाज गेली तरी पूर्ण दिवस घ्यायच्या, असं दोनदा बजावलं. दर वेळी लघवी झाली की साध्या पाण्याने धुवायचं, पुढून मागे, आणि कोरडं करायचं. सुगंधी बाटली फेकायची. सुती चड्डी, सैल सलवार. पाणी पोटभर. "तिथे खूप दुखलं, सूज आली, ताप आला तर थांबायचं नाही, त्याच घटकेला दवाखाना," ती म्हणाली. "उलट्या होऊन जेवण बंद झालं तर ही गोळी थांबवून मला फोन. एवढं सगळं करूनही परत आलं तर गोळी बदलू."

"बदलू नका!" मी ओरडलेच. "धाकटीची कुठे बदलता?"

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "तिचं मी तुम्हाला सांगणार नाही, तुमचं तिला सांगणार नाही. मला एवढं कळतं, की तुमचं हृदय आणि मूत्रपिंड चांगलं आहे. तुम्हाला साखर आवरायची आहे, आणि ते काम दुसऱ्या गोळ्याही करतात. असल्या खाजेत बसून राहण्याइतकी ही गोळी तुम्हाला गरजेची नाही."

मी सगळं केलं. लेगिंग सोडून सगळं. लेगिंग शनिवारी घालायची, कारण शनिवारी पगाराच्या रांगेत उभं राहावं लागतं आणि तिथे सगळ्या बघतात. सात आठवड्यांनी चौथ्यांदा खाज सुटली. डॉक्टरणीला लेगिंगचंही कबूल केलं. तिने कपाळाला हात लावला, नवा पूर्ण डोस दिला आणि म्हणाली, "शनिवारच्या मिरवणुकीने एवढं होत असेल तर ही गोळी तुम्हाला झेपणारी नाही." तिने दुसऱ्या जातीची लिहून दिली, जिने साखर लघवीत जात नाही.

जुन्या पाकिटात नऊ गोळ्या उरल्या होत्या. मी ते बॉबिनच्या डब्यात लपवलं. मनात होतं, नवी घ्यायची आणि चोरून ही पण घ्यायची. धाकटी सहा किलोवर आणि मी परत फुगणार, हे मला सहनच होईना.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बॉबिनचा डबा उघडला तर धाकटी मागे उभी.

"ताई, हे काय? तुमची बदलली ना? भाऊजी म्हणाले."

"माझ्या गोळ्या, माझं पोट. तुला काय त्रास? तुला कुठे खाज सुटते!"

मग तिने पिशवीतून सुती फडक्यांची घडी काढून माझ्या मशीनवर आपटली. "ही कशाला आणते वाटतं, कॉलर पुसायला? दोनदा झालंय मला. दर लघवीला धुते, पुसते, म्हणून आता नाही. मी सोडूच शकत नाही ती गोळी. माझं हृदय कमजोर आहे. पूर्ण जोराने रक्त ढकलत नाही. साखरेपेक्षा त्यासाठीच दिली आहे मला."

जिन्यात दर चार पायऱ्यांना ती थांबायची. मी दोन वर्षं म्हणत आले होते, नखरे. कापडाचे गठ्ठे उचलायचे तर कारखानदार तिला सूट देतो, म्हणून मी त्याच्याशी भांडलेही होते.

"आणि वजन?" मी विचारलं. निर्लज्ज आहे मी, ते आधी विचारलं.

"सहातलं बरंचसं अंगात साठलेलं पाणी होतं, ताई. घोटे सुजायचे." ती बसली. "तुम्हाला सोडता येते ती गोळी. मला रोज हेवा वाटतो तुमचा. धाडधाड जिना चढता."

माझं हृदय चांगलं आहे म्हणून कुणी जळत असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर बरंही वाटलं. मग लाज वाटली.

पाकीट तिच्यासमोर पिशवीत टाकलं, संध्याकाळी डॉक्टरणीकडे परत करायला. "तुलाच देऊ का" असं जिभेवर आलं होतं, पण आता तिचं औषध ठरवणारी मी कोण.

सोमवारी लेगिंग आणून कात्रीने कापली. धाकटीच्या मशीनखाली तेल गळत होतं, पुसायला तुकडा दिला. तिने दोनदा पुसलं. तेल नुसतं इकडून तिकडे पसरलं.

"ताई, हे कापड काही शोषतच नाही हो."

"ते कळायला मला सात महिने आणि चार वेळची खाज लागली," मी म्हटलं, "सरक, तुझं सुती फडकं दे." आणि खाली वाकून मीच पुसलं.