तूप वाढेपर्यंत

केशवराव सचिवालयातून निवृत्त झाले ते उपसचिव म्हणून. तीस वर्षं फायलींवर 'योग्य ती कार्यवाही करावी' एवढंच लिहून त्यांनी कुणाच्याही हाती काही लागू दिलं नाही. योग्य म्हणजे काय, ते खालच्यानं ठरवायचं. चुकलं तर तो अडकणार, बरोबर निघालं तर साहेबांची दूरदृष्टी. अशा माणसाच्या मुलीच्या लग्नाच्या जेवणाचं काम आम्ही घेतलं, तेव्हाच मी नामदेवरावांना म्हटलं होतं, "मालक, या गृहस्थांकडून सगळं लिहून घ्या."

"लिहून काय घ्यायचं, बाळकृष्णा? जेवण म्हणजे काय टेंडर आहे?" नामदेवराव म्हणाले.

मी त्यांच्याकडे कोठी सांभाळतो. शंभर पानांना तांदूळ नऊ किलो, पुरीची कणीक बारा, मठ्ठ्याला दही किती, हे माझ्या वहीत. माणसांचा हिशेबही मी ठेवतो, पण तो डोक्यात.

साल त्र्याण्णव. आमच्या या तेलुगू मुलखातल्या शहरात फंक्शन हॉल उगवत होते, हातात बशी घेऊन उभ्यानं जेवायची फॅशन येऊ घातली होती. नामदेवरावांना त्याची फिकीर नव्हती. चिक्कडपल्लीपासून नल्लकुंट्यापर्यंतच्या मराठी घरांत त्यांचं एकच म्हणणं ठाऊक होतं: बावीस वर्षांत माझ्या पानावरून माणूस जेवल्याशिवाय उठला नाही. त्यासाठी त्यांनी कधी जाहिरात दिली नाही. ते वाक्यच जाहिरात होतं.

लग्न केशवरावांच्या स्वातीचं. मुलगा वेणुगोपाल, बेगमपेठेत कंप्युटरच्या कंपनीत, घरचे तेलुगू. केशवरावांच्या खानदानात असं पहिल्यांदाच होत होतं, त्यामुळे त्यांच्या पत्नी कमलवहिनींना महिनाभर एकच काळजी: वरपक्षाच्या लोकांनी आपल्याला नावं ठेवायला नकोत. लग्न त्यांच्या पद्धतीनं, जेवण आपल्या पद्धतीनं, असा तह झाला होता.

नामदेवरावांची अडचण इथेच होती. आपल्या लग्नात ते घड्याळ बघत नाहीत, मंगलाष्टकं ऐकतात. तिसऱ्याला पानं मांडायची, पाचव्याला मीठ-लिंबू, चटणी, कोशिंबीर. शेवटचं सुरू झालं की भाताचं झाकण काढायचं. बँड वाजला की पंगत बसते, आणि वाफाळता भात पानावर पडतो. आता मंगलाष्टकंच नाहीत म्हटल्यावर त्यांनी केशवरावांना सरळ विचारलं, "मग पानं कधी वाढू?"

केशवराव सुपारी कातरत होते. "अक्षता पडल्या की वाढा. त्यांच्यातही पडतात. बाकी तुम्हांला काय सांगायचं?"

म्हणजे योग्य ती कार्यवाही करावी.

लग्न नल्लकुंट्याच्या एका हॉलमध्ये; मांडव वर आणि जेवणाचा हॉल खाली होता. मधल्या जिन्यावर नामदेवरावांनी मिलिंदला उभं केलं. मिलिंद बारा वर्षं वाढपी आहे, पांढरा पंचा हलवला की खालची फौज हलते. त्याला हुकूम तोच: अक्षता पडल्या की पंचा.

मुहूर्त अकरा बावन्नचा. वर वधूवरांमध्ये पडदा धरला होता, तो आपल्या अंतरपाटासारखाच. भटजींचा आवाज चढला, वाजंत्री एकदम जोरात सुटली, वधूवरांनी जिरं-गूळ एकमेकांच्या डोक्यावर ठेवलं, पडदा बाजूला झाला, आणि चारी बाजूंनी अक्षता उधळल्या गेल्या. पडदा, वाजंत्री, अक्षता. मराठी माणसाला याहून काय हवं?

मिलिंदनं पंचा हलवला.

केशवरावांची बहीण उषाताई पहिल्या रांगेतून उठल्या. त्यांना साखरेचा विकार, आणि जेवणाची वेळ टळलेली चालत नाही, हे त्यांनी सकाळपासून चार जणांना सांगितलं होतं. "चला, लागलं एकदाचं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्यामागे माहेरची सव्वाशे माणसं ओळीनं जिना उतरली.

खाली तीन रांगा सज्ज होत्या. डाव्या हाताला मीठ-लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे बटाट्याची भाजी, भरली वांगी. भाताची टोपली दोन रांगा फिरून आली, मुदी पडल्या. वरणाची बादली दारात आली. कढईत पुऱ्या टम्म फुगत होत्या. मी वहीत पहिल्या पंगतीपुढे खूण केली, तेवढ्यात मुदपाकखान्याच्या दारात एक उंच गृहस्थ येऊन उभे राहिले. जरीकाठी धोतर, कपाळावर गंध. नवऱ्या मुलाचे मामा, सूर्यप्रकाशम.

"नामदेवराव गारू," ते अतिशय अदबीनं म्हणाले, "आपके लोगां सब किधर गए जी?"

"खाने पे बैठे," नामदेवराव म्हणाले. "शादी हो गई ना?"

"अब्बी कां हुई? मंगळसूत्र बाकी है. पाव घंटा है उसको." त्यांनी क्षणभर थांबून पंगतीकडे पाहिलं. "उप्पर लडकीवालों के कुर्सियां पूरे खाली. हमारी अम्मा पूछ रई थीं, इनों को ये शादी पसंद नईं क्या."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळेच ते जास्त लागलं. मी जिन्यावरून वर डोकावून आलो. केशवराव आणि कमलवहिनी मांडवात पाटावर बसलेले, उठायची सोय नाही. कमलवहिनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत होत्या, आणि स्वाती आईकडे.

मिलिंदकडे नामदेवरावांनी नुसतं पाहिलं.

"हौ मालक, मी काय केलं?" मिलिंद म्हणाला. "अक्षता पडल्या की पंचा, म्हणालात. कितव्या अक्षता, ते कुठं सांगितलं?"

"सूर्यप्रकाशम गारू, अक्षता कितने बार?" नामदेवरावांनी विचारलं.

"अक्षिंतलु? अब्बी एक हुआ. मंगळसूत्र पे फिर. उसके बाद तलंब्रालु, वो तो लडका-लडकी एक दुसरे के सर पे चावल डालते, टोपले से."

मिलिंदनं पंचा खांद्यावर टाकला.

पेच उघड होता. लेकीच्या मंगळसूत्राला माहेरचं माणूस नाही, ही गोष्ट त्या घरात पुढची चाळीस वर्षं सांगितली गेली असती. आणि मांडलेल्या पानावरून सव्वाशे माणसं उठवायची, तर नामदेवरावांचं बावीस वर्षांचं वाक्य तिथेच संपलं. त्यातून ती केशवरावांची माणसं. निम्मी वकील, उरलेली मास्तर. उपाशी उठलेला मास्तर विसरत नाही.

मी म्हटलं, "मालक, पाव तासात जेवून होईल का?"

"पाव तासात मठ्ठा तरी पोचतो का?" ते म्हणाले, आणि तुपाचं भांडं उचललं.

आमच्याकडे तूप तेच वाढतात, दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत. भातावर तुपाची धार पडायची, ती अन्नशुद्धी. मग हर हर महादेव, मग पहिला घास. तोवर पानाला हात लावायची रीत नाही. सव्वाशे माणसं त्या धारेची वाट पाहत होती. नामदेवराव भांडं घेऊन पहिल्या रांगेच्या तोंडाशी गेले आणि उभे राहिले.

उषाताईंनी पानाजवळचा हात आखडून घेतला. "नामदेवराव, तूप."

"तूप आहे, उषाताई. लग्न नाहीये."

"म्हणजे?"

"आत्ता झालं ते जिरं-गूळ. आपल्या स्वातीचं मंगळसूत्र बांधायचं राहिलंय, आणि वर माहेरच्या खुर्च्या रिकाम्या आहेत."

हॉलभर कुजबुज पसरली. एका कोपऱ्यातून एक वयस्क वकील म्हणाले, "आणि आता आम्हांला पानावरून उठवताय? हे तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं."

"कुठलं पान, वकीलसाहेब?" नामदेवराव शांतपणे म्हणाले. "तूप पडलंय का?"

वकीलसाहेबांनी भाताकडे पाहिलं. "नाही."

"मग ते अजून पान नव्हे, मांडणी आहे. तूप वाढल्यावर एकाला जरी उठवलं, तर मी ही झारी-पळी इथे ठेवून घरी जाईन. अजून वाढलेलं नाही. तुम्ही वर जाऊन लेकीवर अक्षता टाका. तुमचा भात मी नवा उतरवतो."

वकीलसाहेब थोडा वेळ मुद्दा तपासत राहिले. मग पहिले तेच उठले. कायद्यात बसलं, की त्यांना भुकेची हरकत नव्हती. उषाताई पर्समधून बिस्किटाचा पुडा काढत उठल्या आणि जिना चढताना म्हणाल्या, "केशवला मी बघते नंतर."

माणसं वर पोचली तेव्हा वेणुगोपालनं मंगळसूत्र हातात घेतलं होतं. कमलवहिनींनी मागे वळून पाहिलं, खुर्च्या भरत होत्या, आणि त्यांनी पदरानं डोळे टिपले. ते धुरानं असेल म्हणावं, तर होम अजून पेटायचा होता.

खाली आमची धावपळ. ज्या दोन रांगांवर मुदी पडल्या होत्या ती पानं उचलली, तो भात वाढप्यांच्या जेवणाला गेला. नवी पानं मांडली. आधण तयार होतंच, नामदेवराव कधी आधणाचं एक पातेलं कमी ठेवत नाहीत. सव्वाशे पानांचे तांदूळ मी पुन्हा मोजून दिले. टोपलीत उरलेला भात मी टाकणार होतो, तर ते म्हणाले, "परातीत पसर. निवू दे. दही, आलं, कढीपत्ता काढ."

"दहीभात? आपल्या यादीत नाही."

"त्यांच्या यादीत असतो."

वर पुन्हा वाजंत्री कडाडली, पुन्हा अक्षता पडल्या. मिलिंद जिन्यावर पंचा घट्ट धरून उभा होता. त्यानं आता काहीही पडलं तरी हलवायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्याची गरजच पडली नाही. तेलुगू मंडळींची रीत अशी, की मंगळसूत्र झालं, अक्षता टाकल्या, की पाहुणे मोकळे. बाकीचे विधी घरचे बघतात. सूर्यप्रकाशम पुढे, मागे शे-दीडशे माणसं, सगळी खाली आली आणि पानांवर बसली.

आणि आपली मंडळी? ती एकदा उठून फसली होती. आता कुणी जागचं हलेना. तलंब्रालु सुरू झालं, वधूवर एकमेकांच्या डोक्यावर ओंजळी-ओंजळीनं तांदूळ ओततायत, तरी माहेरचे सव्वाशे लोक ताठ बसलेले. उषाताईंनी वहिनींकडे पाहून भुवई उडवली. वहिनींनी मान हलवली: अजून नाही, बसा. सप्तपदी झाली. भटजींनी भर दुपारी अरुंधतीचा तारा दाखवला, तोही त्यांनी पाहिला.

खाली नामदेवराव वरपक्षाच्या पानांवर तुपाची धार धरत चालले होते. शेवटी दहीभात आला तेव्हा सूर्यप्रकाशम यांच्या आई, ज्यांनी मघाशी तो प्रश्न विचारला होता, त्या मोठ्यानं काहीतरी बोलल्या.

"क्या बोले अम्मा?" नामदेवरावांनी सूर्यप्रकाशमना विचारलं.

"बोले, लडकीवाले भोत इज्जतदार लोगां हैं. पहिले हमना खिलाए, खुद आखिर तक मांडव में बैठे."

हे केशवरावांच्या कानावर गेलं तेव्हा दीड वाजला होता. ते खाली आले, पंगतीवर नजर टाकली आणि मागे हात बांधून म्हणाले, "पहिली पंगत वरपक्षाचीच असायला हवी. म्हणून तर मी तपशिलात शिरलो नाही."

"तेच म्हणतो मी, साहेब," नामदेवराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. मी मात्र वहीत तोंड खुपसलं.

माहेरची पंगत बसली. मीठ-लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाज्या, आणि वाफ निघणारी मूद. नामदेवराव तुपाचं भांडं घेऊन उषाताईंपाशी आले. ताईंनी भातावर आडवा हात धरला.

"आधी सांगा. वर आणखी काही पडायचं राहिलंय का?"

"काही नाही, उषाताई," नामदेवराव म्हणाले. "आता पडायचं ते इथेच. हात काढा."