पाच मिनिटांचं दार

"हे बघा, मी आत जाऊन खुर्चीत टेकेपर्यंत हात सोडायचा नाही. देवाशपथ म्हणा."

भूमितीच्या सरांनी आपल्या बायकोपुढे, म्हणजे बाईंपुढे, तशी शपथ घेतली होती. घेणं भागच होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाई पहिल्यांदा घरात चालायला निघाल्या, तेव्हा सरांनी फोन वाजला म्हणून त्यांचा हात सोडला. फोन कुणा कर्ज देऊ करणाऱ्याचा होता. सरांनी "नको" म्हणेपर्यंत बाई दिवाणावर आडव्या झाल्या होत्या. लागलं काही नाही, पण विश्वास मोडला. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी दवाखान्यात जायचं, ते हातात हात घालूनच. शेजारच्या वहिनी म्हणायच्या, "लग्नात तरी एवढा धरला होता का?"

अडचण एकच होती. दवाखान्याच्या दारापुढे पेशंटला उतरवायची अरुंद मार्गिका होती. एका टोकाला आत यायचा अडथळा, म्हणजे आपोआप वर जाणारा दांडा, दुसऱ्या टोकाला बाहेर जायचा. मुक्काम पाच मिनिटं, आणि चालकानं गाडी सोडायची नाही.

सरांनी चाळीस वर्षं भूमिती शिकवलेली. त्यांनी हिशेब मांडला. काठी काढायला वीस सेकंद, बाईंनी पाय बाहेर ठेवायला चाळीस, दारापर्यंत दीड मिनिट, आत खुर्चीपर्यंत एक, परत यायला एक. एकूण साडेचार मिनिटं. तरी अर्धं मिनिट हातात. सिद्ध झालं!

पहिल्या आठवड्यात दंडाची नोटीस आली. सोबत फोटो.

"अगंबाई, दोघांचा एकत्र फोटो!" बाई चष्मा लावत म्हणाल्या. "मुलीच्या लग्नानंतर हा पहिलाच. पण तुमचं पोट बघा, आधी तेच दिसतंय."

"पोट राहू दे. आपण सात मिनिटं थांबलो म्हणे. अशक्य!"

दवाखान्यात फोन केल्यावर कळलं की वेळ गाडी थांबल्यापासून नव्हे, तर पहिल्या अडथळ्यावर कॅमेऱ्यानं नंबर टिपल्यापासून मोजतात, आणि दुसऱ्या अडथळ्यातून बाहेर पडेपर्यंत. मध्ये पुढची टॅक्सी रेंगाळली, तरी घड्याळ आपलंच चालतं. सरांनी ओळीचा वेळ धरलाच नव्हता. शाळेत कुणी अशी आकृती काढली असती, तर त्यांनी लाल शाईनं गोल केला असता.

पण सरांचं आपलं ते खरं. पुढच्या खेपेला त्यांनी नवी युक्ती काढली. दारापर्यंत बाईंना नेलं, वेळ संपत आला तसं त्यांना बाकावर बसवलं, गाडी बाहेर काढली, चौकातून वळसा घातला आणि पुन्हा आत शिरले. नवी पाच मिनिटं! यंत्राला मात्र हा चतुरपणा आधीच ठाऊक होता. एकदा बाहेर पडलेल्या गाडीनं तासाभरात परत यायचं नाही, असं फलकावर ठळक लिहिलं होतं. दुसरी नोटीस. खाली लाल अक्षरांत आणखी एक ओळ: महिन्यात तीनदा नियम मोडला, तर पुढचा महिनाभर या गाडीसाठी अडथळा उघडणार नाही.

सरांची पाचावर धारण बसली. दंड देता आला असता. पण अडथळा बंद झाला, तर गाडी खालच्या पार्किंगमध्ये लावावी लागणार, आणि तिथून दारापर्यंत लांबलचक चढ. नव्या गुडघ्यानं बाई तो कशा चढणार?

शनिवारी ते जीव मुठीत धरून आत शिरले. मार्गिकेवर शिट्टीबाई उभी होती. पहारेकरी म्हणून नेमलेली, पिवळं जाकीट, गळ्यात शिट्टी, आवाज शिट्टीहून मोठा.

"काका, तुम्ही गाडीतच थांबा. काकूंना मी आत नेते, नाहीतर चाकाची खुर्ची मागवते."

"नको, नको. मीच. हा आलोच एका मिनिटात."

"तुमचं ते एक मिनिट मागच्या आठवड्यापासून चाललंय, काका."

सर ऐकतात थोडेच! काठी, पिशवी, बाई, हात. चौघं मिळून आत गेली. आत नोंदणीच्या खिडकीवरची मुलगी बाईंना आवडायची. "तुझ्या आईचं कसं आहे गं?" असं त्यांनी विचारलं आणि सरांच्या हिशेबाला भोक पडलं. आईचं बरंच काही होतं.

तेवढ्यात बाहेरून भोंगा ऐकू आला. मग शिट्टी. मग दोन्ही एकदम.

सरांच्या गाडीमागे दोन टॅक्सी अडकल्या होत्या आणि त्यांच्या मागे, अडथळ्यातच, रुग्णवाहिका. तातडीच्या विभागाकडे वळणारा फाटा सरांच्या गाडीच्या पुढे होता. बाजूनं वाट नव्हती.

सर धावायला निघाले, पण हात सुटेना.

"सोड गं!"

"शपथ आहे! आणि किल्ली माझ्या पिशवीत आहे!"

मग दोघंही धावली. म्हणजे सर धावले आणि बाई त्यांच्यामागून, काठी खिडकीपाशीच विसरून, पदर खोचून अशा निघाल्या की टॅक्सीवाला भोंगा वाजवायचं विसरला.

तरी उशीर झालाच होता. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी स्ट्रेचर उतरवून गाड्यांच्या कडेनं ढकलायला सुरुवात केली होती. वर एक म्हातारे गृहस्थ, खुब्याचं हाड मोडलेले. मार्गिकेवर वेग कमी करायला केलेले तीन उंचवटे होते. प्रत्येक उंचवट्यावर त्यांच्या तोंडून एकच शब्द निघे, "आई गं."

तिसऱ्या "आई गं"ला बाईंनी सरांचा हात आपणहून सोडला. गेल्या महिन्याभरात त्यांनी स्वतः कितीदा ते म्हटलं होतं.

"अहो, मी हात धरा म्हटलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "दुसऱ्याची वाट धरून ठेवा, असं नव्हतं म्हटलं."

सरांनी पिशवीतून किल्ली घेतली. त्यांनी गाडी काढली, रस्त्याच्या कडेला नाही, थेट खालच्या पार्किंगमध्ये लावली आणि धापा टाकत चढ चढून परत आले.

"लिहा माझं नाव," ते शिट्टीबाईला म्हणाले.

"मी काय लिहिणार, काका? कॅमेऱ्यानं कधीच लिहिलंय. तुम्हाला वाटतं आम्ही दंडासाठी टपून बसतो. अहो, ही पाच मिनिटं आहेत ना, ती मागच्या गाडीत कोण आहे ते आपल्याला दिसत नाही म्हणून आहेत."

"पुन्हा माझी गाडी इथं उभी दिसणार नाही. शब्द देतो."

"दिसणारच नाही. महिनाभर अडथळा उघडतोय कुठं!" शिट्टीबाई हसली. मग तिला काही आठवलं. "पण काकू, तुमची काठी आतच राहिली ना? धावलात की तुम्ही!"

व्यायाम करवून घेणाऱ्या ताईंच्या कानावर हे बाईंच्या आधीच पोचलं होतं. त्यांनी गुडघा वाकवून पाहिला, दाबून पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"काकू, धावायचं अजिबात नाही हं. पण दोन आठवडे मी चढावर चाला म्हणून सांगतेय, तर तुम्ही दारात उतरता! त्या चढावर दिव्याचे खांब आहेत. प्रत्येक खांबाला थांबा, दम घ्या, मग पुढे. काठी एका हातात, काका दुसऱ्या."

मंगळवारी सरांनी घरून अर्धा तास आधी गाडी काढली. मार्गिकेच्या अडथळ्यासमोरून जाताना वेगही कमी केला नाही. वरून शिट्टीबाईनं हात केला. बाईंनी खिडकीतून उलट हात केला, आणि फोटो निघतोय का, म्हणून केसही सारखे केले.

खालच्या पार्किंगमध्ये गाडी दोन रेघांच्या बरोबर मधोमध उभी राहिली. सरांनी किल्ली आपल्याच खिशात टाकली, वळसा घालून पलीकडचं दार उघडलं, घड्याळाकडे न बघता हात पुढे केला आणि पहिल्या खांबाच्या दिशेनं पाऊल टाकलं.