आधी शंका

दहिवडीच्या त्या दोन खोल्यांत संध्याकाळी पियू एकटीच असायची. आई, म्हणजे चंद्राबाई, होस्टेलच्या खानावळीत पोळ्या लाटायची; ती दिवेलागणीनंतर येई आणि ताटावरच पेंगायला लागे. वडील मुंबईत. आणि दादा, प्रथमेश, सांगलीत अश्फाकभाईंच्या मोबाईलच्या दुकानात. सांगली म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे हो, एसटीनं तीन-साडेतीन तास. पण ज्याला यायचंच नसतं त्याला न यायला जगात कारणं कमी पडत नाहीत.

तरी आठवड्यातून एकदा दादा तिला फोन करायचाच, कारण त्याला तिची गरज होती. त्याचा यूट्यूबवर चॅनेल होता, ‘माणदेशी मोबाईल’. नवा फोन दुकानात आला की अश्फाकभाई एक डबा उघडायला द्यायचे. दादा काउंटरवर कॅमेरा लावून सील फोडायचा, आणि बोलायचा असा की समोरच्याला वाटावं, हा डबा आपल्याच मांडीवर आहे. मात्र लिहायचं म्हटलं की त्याला ताप यायचा. व्हिडिओखालचं सगळं डिस्क्रिप्शन अकरावीतली पियू लिहायची आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची.

आणि पियू लिहायची कशी, ते तर सांगायलाच हवं! ती आधी सर्चच्या रकान्यात फोनचं नाव टाकून थांबायची. खाली लोकांचे शोध आपोआप ओळीनं उतरायचे: ‘कोणता घ्यावा’, ‘पंधरा हजारात बेस्ट’, ‘बॉक्समध्ये चार्जर येतो का’. तिला वाटे, अख्खा जिल्हाच आपल्या कानाशी येऊन कुजबुजतोय. तेच शब्द ती उचलायची, पण गरजेपुरतेच. ज्या फोनचा व्हिडिओत पत्ता नाही त्याचं नाव घुसडलं, तर तो बघणाऱ्याला फसवण्याचा प्रकार, आणि यूट्यूबही ते खपवून घेत नाही, हे तिनं दादाला तीनदा सुनावलं होतं.

फोनच्या वर्णनात एखादा आकडा चुकला तर दुकानाची अब्रू जाते, म्हणून दोघांची एक रीत पडली होती. जे व्हिडिओत नीट दिसलं नाही ते ती मेसेजमध्ये सगळ्यात वर लिहायची: ‘आधी शंका’. ते वाचून दादा फोन करायचा, डबा हातात धरून एकेक गोष्ट सांगायचा. मग ती शंका काढून स्वच्छ मजकूर परत पाठवायची. शंकांच्या जोडीनं मग बाकीचंही निघायचं. आज जेवणाच्या डब्यात काय होतं, मेसवाल्याच्या आमटीत डाळ सापडली का, आईचे गुडघे कसे आहेत. पियूला तो फोन म्हणजे संध्याकाळच्या घरात कुणीतरी येऊन बसल्यासारखा वाटे.

हल्ली मात्र दादाचे फोन आखडत चालले होते. ‘लय गर्दी हाय गं,’ म्हणायचा आणि ठेवायचा. मागच्या वेळी तर शंकांची उत्तरं त्यानं टाईप करूनच पाठवली. अंगठ्याची दोन चित्रं, संपलं.

तेव्हा ‘निरा एम २०’चा व्हिडिओ आला. पियूनं झकास मजकूर रचला. एम २०च्या फोर जी आणि फाइव्ह जी या दोन जातींत नाव एक पण आतला प्रोसेसर वेगळा, कॅमेराही वेगळा. व्हिडिओतला डबा फोर जीचा, हे तिनं ठळक लिहिलं. सहा जीबी रॅम आणि एकशे अठ्ठावीस जीबी स्टोरेज, आठ आणि एकशे अठ्ठावीस, आठ आणि दोनशे छप्पन्न, असे तिन्ही प्रकार. सहा पूर्णांक सदुसष्ट इंचांचा अमोलेड पडदा, पाच हजार एमएएचची बॅटरी, तेहेतीस वॅटचं चार्जिंग. खाली, दादा व्हिडिओत ज्यावर बोलला होता तेच प्रश्न, ‘एम २० फोर जी की फाइव्ह जी, कोणता घ्यावा’ आणि ‘एम १९ विरुद्ध एम २०, बदल काय’. त्याखाली व्हिडिओतल्या प्रत्येक भागाची वेळ, शून्यापासून सुरू.

सगळं बिनचूक होतं. विचारायला काहीच उरलं नव्हतं.

आणि म्हणून तिनं वर लिहिलं: ‘आधी शंका. दादा, बॉक्समध्ये चार्जर आहे का? फोन कर ना. मेसेज नको.’

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येऊन तिनं बघितलं तर व्हिडिओ लागलेला! दादानं मेसेज न वाचताच उचलून जसाच्या तसा चिकटवला होता. डिस्क्रिप्शनच्या पहिल्या दोन ओळी तर न उघडताच साऱ्या दुनियेला दिसतात. तिथं झळकत होतं, ‘दादा, बॉक्समध्ये चार्जर आहे का? फोन कर ना.’

खाली लोकांनी उच्छाद मांडला होता. ‘भावा, फोन कर की तायडीला!’ ‘चार्जर ऱ्हाऊ दे, राखीला तरी जातोस का न्हाई?’ एकानं लिहिलं, ‘एवढं फोन विकतोस, एक लावायला काय हुतंय?’

पियूचे कान तापले. लाजेनं मरावं की हसावं, तिला कळेना. तेवढ्यात फोन वाजला.

“आगं ए शहाणे!” दादा कडाडला. “लोकं खिदळाय लागल्यात! अश्फाकभाई म्हंत्यात, तुज्या चॅनेलवर घरचा तमाशा लावलायस व्हय?”

“वाचून टाकायचं असतं की!”

“वाचाय वेळ कुठं हाय? आन् चार्जरचं काय इचारतीस, चौथ्या मिनिटाला हातात धरून दाखवलाय की त्यो! दिसला न्हाई?”

पियू थबकली. ‘न्हाई दिसला’ म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं.

“दिसला की. मला ठावं होतं.”

“मग?”

“मग काय! विचारायला दुसरं काही राहिलंच नव्हतं. आणि काही विचारल्याबिगर तू फोन करत न्हाईस.”

पलीकडं रस्त्यावर हॉर्न वाजला.

“आई येईस्तवर मी टीव्ही लावून ठेवते, दादा. बघत न्हाई. नुसता लावते.”

“पियू…” दादा म्हणाला. तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं. “थांब,” तो म्हणाला. “ठेवू नगंस. हितंच ऱ्हा.”

फोन काउंटरवर ठेवल्याचा ठक्क आवाज आला. पियूनं टीव्ही बंद केला आणि कान लावून बसली. कुणीतरी म्हातारं माणूस होतं.

“आवं, ह्यो घेतला तर डोंगराकडं रेंज येतीया का? पोरगं मिल्ट्रीत हाय. त्येचा फोन आला की आमी गच्चीवर पळतो.”

“कार्ड कुणाचं हाय आबा? टावर कंचा हाय त्येच्यावर असतंय. फोन बदलून भागत न्हाई,” दादा सांगत होता. “आदी त्ये बघू, मग फोनचं.”

म्हातारा विचारत राहिला, दादा सांगत राहिला. डबे सरकल्याचा आवाज, पंख्याची घरघर, अश्फाकभाईंची हाक. मधेच दादा फोनजवळ येऊन हळूच बोलला, “हाईस नव्हं?”

“हाय.”

मग पुन्हा तो गिऱ्हाइकाकडं गेला. पियूला एकही शब्द बोलायचा नव्हता. मांडीवर वही ओढून ती डिस्क्रिप्शन नव्यानं लिहू लागली. वरच्या दोन ओळींच्या जागी आता म्हाताऱ्याचा प्रश्न आला: ‘निरा एम २०, डोंगराकडच्या गावात रेंज येते का?’ असं खरंच किती जण शोधत असतील, ते तिनं बघितलं नव्हतं. पण एक तरी होताच.

फोन न ठेवताच चॅट उघडून तिनं मजकूर टाईप करून पाठवला आणि फोन पुन्हा कानाला लावला. वर शंका काहीच नव्हती. बाहेर अंधार पडत होता, आई अजून यायची होती, आणि कानात सांगलीच्या दुकानाचा गलका तसाच चालू होता. मग रेंज गेली की दादानं ठेवला, कोण जाणे, सगळं एकदम शांत झालं.

ती थोडा वेळ फोन कानाला तसाच धरून बसली.