विसातले पाच

बुलढाण्याच्या, मास्तरीण व्हायच्या ट्रेनिंग क्लासात सहामाही सुरू होताच प्रत्येक मुलीला एकेक छापील कागद मिळाला. मिळालेले, पैकी, वजन आणि उरलेलं वजन, असे चार रकाने. मोताळ्याच्या कोकिळेनं तो वहीत जपून ठेवला आणि सहामाहीभर इमानानं भरला. शंभरात मराठीचं वजन तीस. तिला पन्नासपैकी चाळीस पडले, म्हणजे चोवीस पदरात. गणिताचंही तीस, साठपैकी बत्तीस, म्हणजे सोळा. झाले चाळीस. पास व्हायला पन्नास लागत. आता उरला होता पोरांपुढे घ्यायचा नमुना पाठ. त्याचे गुण वीस, पण वजन चाळीस. त्यात पाच मिळाले की दहा पदरात, झालं. पाच तर फळ्यावर नुसती तारीख लिहिणारीलाही मिळत.

मग तिनं डिडोळकर मास्तरांच्या घरी दळायला जाणं सोडलं. पाळीपाळीनं सगळ्याच मुली जात, कारण नमुना पाठाचे गुण मास्तरच देत.

"काऊन वं, दळायले येत नाही आता?" मास्तरांनी विचारलं.

"मले पाचच पायजेत, गुरुजी," असं म्हणून तिनं ऐटीत कागद दाखवला.

मास्तरांनी चष्मा लावून ओळीओळीवर बोट फिरवलं. "हिशेब बरोबर आहे तुझा," ते म्हणाले.

पाठ छान रंगला. पोरं तास संपल्यावरही उठेनात. मास्तरांनी तोच कागद मागवला, शेवटच्या ओळीत वीसपैकी चार लिहिले आणि टाक तिच्या हातात दिला. उरलेल्या वजनाच्या रकान्यातलं शून्य त्यांनी तिलाच मांडायला लावलं.