नऊ फ्रेम कमी

चाळीस सेकंदांच्या टीझरने तीन दिवस ताईच्या नाकी नऊ आणले होते. धाकट्या भावाची कार्टूनफिल्म पूर्ण होती. पत्र घेऊन जिने चढणारी म्हातारी शेळी, सात मिनिटं, काढायला चार वर्षं. संध्याकाळी पाचपर्यंत टीझर महोत्सवाला पाठवायचा होता, आणि तो बघूनच महोत्सववाले फिल्म कुठल्या खेळाला लावायची ते ठरवणार होते.

घोडं शेवटच्या शॉटपाशी अडलं होतं. शेळी दारावर खूर आपटते, मग संगीताचा मोठा ठोका, त्यावर नावाची पाटी. पण शॉट होता एकतीस फ्रेमचा आणि ठोका पडत होता चाळीस फ्रेमनंतर. कॅमेऱ्याने घेतलेल्या शॉटला मागेपुढे थोडी शिल्लक असते. इथे गोष्टीला लागली तेवढीच चित्रं काढलेली. शेवटचं चित्र गोठवावं तर शेळी मेल्यासारखी दिसे, वेग कमी करावा तर धक्के बसत, आणि संगीत पुढे ओढावं तर आधी जुळवलेले तिन्ही ठोके घसरत.

"दार उघडतं तो शॉट टाक ना. लांबलचक आहे," भाऊ म्हणाला.

"आणि आत कोण आहे ते फुकटात सांगून टाकू? मग फिल्म बघायला येईल कोण?"

"तशीही कोण येतंय, ताई!"

तिचाही जीव मेटाकुटीला आला होता.

"बरं, नऊ फ्रेम काढतो," म्हणत त्याने मनगटाचा पट्टा आवळला. आता एक रेघसुद्धा ओढायची नाही, असं डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच बजावलं होतं. खरं तर त्यानेही तशी शपथ घेतली होती. तरी पेन हातात येताच स्वारी खुशीत आली. ताईला त्याचा राग आला, आणि रागाहून जास्त कीव आली.

त्याची दोन चित्रं होईपर्यंत तिने सहज एक करून पाहिलं. खूर आपटल्यावर चित्रच काढून टाकलं. नऊ फ्रेम नुसता काळोख, संगीतही गप्प. मग ठोका आणि पाटी.

तिच्या अंगावर काटा आला. दारापलीकडे कोणीतरी उठल्यासारखं वाटत होतं.

"हे बघ."

त्याने तीनदा पाहिलं. "झकास," तो म्हणाला. मग हातातल्या पेनाकडे बघत विचारलं, "म्हणजे ही चित्रं नकोत?"

खोटं बोलावंसं तिला फार वाटलं. "नकोत रे. झाली तुझी फिल्म."

त्याने पेन खाली ठेवलं. फाइल गेली तेव्हा साडेचार वाजले होते.

"चल, घरी जाऊ," ती म्हणाली.

तो उठला नाही. "घरी जाऊन काय करू, ताई?" त्याने विचारलं, आणि लहानपणी रडायचा तसा ओठ दुमडून रडू लागला.