मागच्या सीटवरचा आवाज

जुनी गाडी काढून टाकल्यापासून साठमांच्या घरी नव्या गाडीचा विषय निघायचा आणि मागे पडायचा. मग मधुकररावांच्या घशाचा रोग उलटला, डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि अस्मिताने ठरवलं, बाबांना आता रिक्षातून हिंदकळत न्यायचं नाही. रविवारी ती बाबांना आणि आई चारुलताबाईंना घेऊन नेरूळच्या शोरूममध्ये गेली.

गाडी कुणीही चालवो, मधुकरराव शेजारी बसून सूचना द्यायचे. डावीकडे घे, पुढे गटाराचं झाकण वर आलंय, त्या टेम्पोचा भरवसा धरू नकोस. अस्मिता वैतागायची. पण रेडिएशननंतर त्यांच्या आवाजाचा नुसता वारा उरला होता. समोरच्या एसीचा झोत घशाला सोसेना, म्हणून ते मागे बसू लागले आणि सूचना बंद झाल्या. तेव्हापासून गाडी निवडताना तिला एकच गोष्ट हवी होती. मागून बाबा बोलले तर पुढे ऐकू आलं पाहिजे.

शोरूमचा सेल्समन मितेश तिला गाडी पाम बीच रोडवर चालवून बघायला सांगत होता. तिथे गाडी एकदम मक्खन चालते म्हणाला. चांगल्या रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या, असं म्हणून अस्मिताने जुईनगरच्या बाजूचा पावसाळ्यात उखडलेला सर्व्हिस रोड धरला. त्याआधी पेट्रोल पंपावर टायरची हवा बघितली. शोरूमच्या गाडीत ती बऱ्याचदा जास्त भरलेली असते आणि मग चांगली गाडीही आदळते. हवा जास्तच निघाली. कंपनीच्या आकड्याइतकी उतरवून तिने गाणी बंद केली, एसीचा पंखा कमी केला.

पहिली पांढरी गाडी खड्ड्यांवरून एकदाच हलकी खाली बसायची आणि सावरायची. चारुलताबाईंच्या कमरेच्या मणक्यात गॅप होता, तरी त्यांच्या तोंडून कण्हणंसुद्धा आलं नाही. फक्त बारीक खडीवर टायरची घरघर आत यायची, मागच्या दारात काहीतरी खडखडायचं. पुढच्या सरळ तुकड्यावर वेग वाढवला तशी ती घरघर आणखी वाढली. अस्मिताने आरशात पाहिलं. बाबांचे ओठ हलत होते. चारुलताबाईंनी कान त्यांच्या तोंडाशी नेला होता, तरी त्याही गोंधळलेल्या दिसल्या.

अस्मिताने गाडी थांबवून विचारलं. मधुकररावांनी हातानेच काही नाही म्हटलं.

दुसरी करडी गाडी तिने त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने नेली. हवाही पुन्हा तपासली. हिची चाकं मोठी, टायरची कड बारीक. प्रत्येक खड्डा सीटमधून थेट अंगात यायचा आणि मागच्यांच्या माना डावी-उजवीकडे हिंदकळायच्या. चारुलताबाईंनी कमरेमागे हात धरला. आवाज मात्र आत येतच नव्हता. मितेश हळू बोलला तरी त्याचा शब्दन् शब्द कळत होता. अस्मिताचा जीव भांड्यात पडला. हीच घ्यायची.

तेवढ्यात मागून तो वाऱ्यासारखा आवाज आला.

"अस्मिता, पांढरी घे."

तिने वेग कमी केला. "बाबा, तिच्यात तुमचं बोलणं ऐकू येत नाही."

"ऑपरेशननंतर कुठे यायचंय? आवाजाची पेटीच काढणार आहेत. तुझ्या आईची कंबर राहणार आहे."

ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. डॉक्टरांनी तिघांसमोर सांगितली होती. पण घरी ती कुणी उच्चारली नव्हती. चारुलताबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मितेश उगाच मोबाइल चाळू लागला. अस्मिताने गाडी कडेला घेतली. तिच्या मनात आलं, करडी घेतली तर ऑपरेशनपर्यंत का होईना, ऐकता येईल. मग आरशात आईचा कमरेवरचा हात दिसला.

"मॅडम, एक राउंड अजून मारायचा का?" मितेशने विचारलं.

"नको. पांढरी बुक करा," ती म्हणाली.

गाडी ऑपरेशनच्या आठवड्यात हाती आली. ॲडमिट व्हायच्या सकाळी ते निघाले. पिशव्या डिकीत, आई-बाबा मागे. सीवूड्सच्या पुढे रस्ता खोदलेला होता, पण गाडी आदळली नाही. घरघर मात्र तशीच होती. आरशात बाबांचे ओठ हलताना दिसले, की अस्मिता कडेला थांबायची, इंजिन बंद करायची आणि मागे वळायची. पहिल्यांदा त्यांनी पाणी मागितलं. मग शेजारच्या कुलकर्ण्यांना किल्ली दिली का, ते विचारलं.

शेवटच्या वेळी हॉस्पिटलचं गेट समोर दिसत होतं.

"बोला बाबा."

मधुकररावांनी पाण्याची बाटली उचलली, घसा ओला करून घेतला.

"वळताना इंडिकेटर आधी देत जा," ते म्हणाले.

ती हो म्हणाली आणि डोळे पुसल्याशिवाय तिला गाडी सुरू करता आली नाही.