शेळगावच्या कॉम्प्युटरची मुदतवाढ

नीराकाठ सहकारी दूध संघात चौदा कॉम्प्युटर होते आणि ते सांभाळायला एकटा नागेश होता. ऑक्टोबरच्या चौदा तारखेला कंपनीनं विंडोज १० ला सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं, तेव्हा चौदाही कॉम्प्युटर विंडोज १० वरच होते. संघात कुणाला काहीच फरक जाणवला नाही. पंधरा तारखेला कॉम्प्युटर नेहमीसारखेच सुरू झाले आणि नेहमीसारखेच हळू चालले. लोकांच्या मते नागेश उगाच भीती घालत होता.

मग बँकेचं पत्र आलं. ज्या कॉम्प्युटरला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, तो नोव्हेंबरअखेरनंतर बँकेच्या लाइनवर चालणार नाही.

नागेशनं यादी केली. बारा कॉम्प्युटर विंडोज ११ वर फुकटात जात होते. तेरावा कँटीनमध्ये होता, त्याला इंटरनेट नव्हतं आणि त्यावर फक्त चहाचे भाव दिसायचे. त्याच्याकडं कुठला चोर जाणार? राहिला चौदावा, शेळगावच्या शीतकरण केंद्रातला. तो दूध तपासायच्या यंत्राला जोडलेला होता. फॅट किती, पाणी किती, ते यंत्र सांगायचं आणि हा बँकेच्या लाइनवरून पुढं पाठवायचा, त्यावरच शेतकऱ्यांचे पैसे जमा व्हायचे. यंत्राचं सॉफ्टवेअर विंडोज ११ वर चालत नव्हतं. नवीन आवृत्ती पुढच्या गणपतीपर्यंत देतो, असं यंत्रवाल्यांनी लिहून दिलं होतं. नवीन यंत्र घ्यायचं तर अठरा लाख.

म्हणजे या एकाच कॉम्प्युटरसाठी पैसे भरून सुरक्षेचे अपडेट विकत घ्यायचे होते. पहिल्या वर्षाचे साधारण साडेपाच हजार. ते नाही झालं तर शेळगावची लाइन तोडायची आणि नागेशनं रोज सकाळ-संध्याकाळ सांगवीच्या कचेरीतून फटफटीवर तासभर जाऊन पेन ड्राइव्हमध्ये आकडे आणायचे. पहिली खेप पहाटे पाचची. मागच्या थंडीत याच रस्त्यावर नागेशचा एक कान तीन दिवस बधिर होता.

त्यानं टिपणी लिहिली आणि तिथंच चुकला. ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट’ संचालकांना कळणार नाही म्हणून त्यानं विषयात लिहिलं : ‘शेळगाव केंद्रातील कॉम्प्युटरला मुदतवाढ देणेबाबत.’

संघात मुदतवाढ म्हणजे मान. निवृत्त झालेल्या माणसाला ती मिळते आणि मिळाली की गावात फ्लेक्स लागतो.

बैठकीत बावड्याचे संचालक विजयसिंह पहिल्यांदा उठले. “शेळगावला द्यायची अन् बावड्याला न्हाय? आमी काय दुधात पाणी घालतो व्हय?”

“तुमचा कॉम्प्युटर दोन वर्षांचा हाय, विजयसिंहराव,” नागेश म्हणाला. “त्याला गरजच न्हाय.”

“गरज नसताना मिळतो त्यालाच मान म्हणत्यात.”

ज्यांच्याकडं कॉम्प्युटर होता ते सगळे या मुद्द्यावर एक झाले. खरेदीवाल्याला मुदतवाढ पाहिजे होती, पशुखाद्यवाल्याला पाहिजे होती. कँटीनवाला चहा घेऊन आला होता, तोही थांबला. अध्यक्ष बापूसाहेबांनी हात वर केला. चाळीस वर्षं सहकारात काढलेला माणूस, वाद मिटवण्यात हातखंडा.

“आळीपाळीनं द्या,” ते म्हणाले. “प्रत्येकाला एकेक महिना.”

“तसं फिरवता येत न्हाय, बापूसाहेब. ते एकेका कॉम्प्युटरचं असतं.”

“मग चौदाही घ्या.”

“तेरांचे पैसे पाण्यात. अन् पुढच्या वर्षी दर दुप्पट हुतो, तिसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट. उशिरा घेतलं तर मागच्या वर्षाचंबी भरावं लागतं.”

“आमच्या पोरानं, ऋषिराजनं, घरी फुकट घेतलंय,” विजयसिंह म्हणाले. “उगं संघाला लुटतो का रं?”

“ते घरच्यासाठीचं. घरचा सिलिंडर हॉटेलात लावला तर चालतो का?”

हॉटेलात घरचा सिलिंडर लावणारे दोन संचालक खाली बघू लागले. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला जाणार, हे नागेशला दिसलं. पुढची बैठक डिसेंबरात होती आणि पहाटे पाचची खेप त्याच्या आधी. त्यानं कान चाचपला आणि टिपणी मिटली.

“मी नीट मांडलं न्हाय,” तो म्हणाला. “बारा कॉम्प्युटरना बढती हाय. दहावरून थेट अकरा. मुदतवाढ फक्त त्याला, ज्याला बढती मिळत न्हाय.”

विजयसिंह हळूच खाली बसले. “मग बावड्याला मुदतवाढ नकोच. आमची काय तक्रार न्हाय.” खरेदीवाल्यानं मागणी मागं घेतली, पशुखाद्यवाल्यानं आपण मागणी केलीच नव्हती असं इतिवृत्तात लिहून घेतलं. कँटीनवाला कप घेऊन निघून गेला. दोन मिनिटांत सगळं सुटलं होतं.

तेवढ्यात शेळगावचे संचालक सोनबातात्या उठले. बैठकीत ते आतापर्यंत एकदाही बोलले नव्हते.

“म्हंजी बाकी सगळी पुढं, अन् शेळगाव मागं,” ते म्हणाले. “आमाला मुदतवाढ नको. बढती द्या, न्हायतर ऱ्हाऊ द्या तसंच.”

“तात्या, बढती दिली तर यंत्र बंद पडंल.”

“पडू दे. मान ऱ्हाईल.”

नागेशला आता पेन ड्राइव्ह दिसू लागला. शेळगावची द्वारकाबाई सोबत आली होती. यंत्र तीच चालवायची. आकडे समजावून सांगायला तिला बोलावलं होतं आणि अजून एक आकडाही कुणी विचारला नव्हता.

“तात्या,” ती म्हणाली, “बावड्याच्या कॉम्प्युटरवर संघ किती खर्च करणार?”

“काही न्हाय,” नागेश म्हणाला. “ते फुकट हाय.”

“अन् आपल्यावर?”

“साडेपाच हजार. पुढं लागलं तर अकरा.”

सोनबातात्यांनी मनाशी हिशेब केला. “दरसाल दुप्पट? असली पगारवाढ तर बापूसाहेबांनाबी न्हाय.”

बापूसाहेबांनी मान हलवून दुजोरा दिला.

“किती वर्सं?”

“जास्तीत जास्त तीन. पर नवीन सॉफ्टवेअर आलं की एका वर्षातच सोडायचं. आपली गरज तेवढीच हाय.”

“ते बघू तवा,” तात्या म्हणाले. “मंजूर.” विजयसिंह पुन्हा उठायला लागले होते, पण बापूसाहेबांनी तोवर राष्ट्रगीत सुरू केलं.

नागेशनं त्याच आठवड्यात परवाना आणला, शेळगावच्या कॉम्प्युटरमध्ये चावीचा नंबर घातला आणि बँकेला कळवलं. लाइन राहिली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी, पहिला अपडेट बघायला तो मुद्दाम शेळगावला गेला. फाट्यावरच फ्लेक्स होता. मधोमध कॉम्प्युटरचा फोटो, डोक्यावर फेटा चढवलेला, खाली ‘मुदतवाढ मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ आणि त्याखाली अठ्ठावीस शुभेच्छुकांचे फोटो. त्यातला एक विजयसिंहांचा होता.

केंद्रात कॉम्प्युटरला हार घातलेला होता. पंख्याच्या जाळीवर आलेला तेवढा नागेशनं बाजूला केला. अपडेट बसून झाला होता.

“काय नवं आलं?” द्वारकाबाईनं विचारलं.

“नवं काहीच न्हाय. येणारबी न्हाय. फकस्त सापडलेली भोकं बुजवत्यात.”

“आमच्या तात्यांला सांगू नगंस,” ती म्हणाली आणि पुढची बाटली यंत्राखाली लावली. पडद्यावर फॅट उमटलं, चार पॉइंट दोन, आणि लाइनवरून निघून गेलं.